पुढचा टायर मागे का जात नाही

पोर्शे ९११ करेरा एस ही गाडी कुठे उभी दिसली, तर तिच्या चारही टायरांच्या बाजूला कोरलेले आकडे वाचून पाहावेत. २०१९ मध्ये आलेल्या पिढीच्या या गाडीच्या पुढच्या टायरवर २४५/३५ झेडआर २० असे लिहिलेले असते आणि मागच्यावर ३०५/३० झेडआर २१. म्हणजे मागचा टायर पुढच्यापेक्षा तब्बल सहा सेंटिमीटर रुंद, आणि तो ज्या रिमवर बसतो ती रिमही एक इंचाने मोठी. पुढे-मागे वेगळ्या मापांच्या या मांडणीला गाड्यांच्या दुनियेत ‘स्टॅगर्ड सेटअप’ म्हणतात. चारही टायर एकाच मापाचे असतील तर तो ‘स्क्वेअर सेटअप’.

आपल्या घरची साधी हॅचबॅक स्क्वेअर असते. म्हणूनच सर्व्हिसिंगच्या वेळी टायरवाला अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगसोबत रोटेशनही करून देतो. पुढचे टायर मागे, मागचे पुढे, कधी तिरके अदलाबदल करून. स्टॅगर्ड गाडीचा मालक हीच मागणी घेऊन गेला, तर जाणकार टायरवाला नाही म्हणतो. या नकारामागची कारणे समजली की या गाड्यांच्या टायरांकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. कारण इथे प्रश्न टायरचा खर्च वाचवण्यापुरता राहत नाही. गाडी वळणावर कशी वागेल, विशेषतः पावसात, तेही त्यावर ठरते.

आकड्यांतला फरक

आधी आकडे उलगडून पाहू. २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ३५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ३५ टक्के. २० म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. यावरून टायरची पूर्ण उंची काढता येते. पुढच्या टायरची भिंत साधारण ८६ मिलिमीटर. ती रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा धरली आणि रिमचे ५०८ मिलिमीटर मिळवले, की सुमारे ६८० मिलिमीटर होतात. मागच्या टायरचा असाच हिशोब केला तर सुमारे ७१६ मिलिमीटर येतात.

म्हणजे मागचे चाक रुंदीने मोठे आहेच, उंचीनेही साडेतीन सेंटिमीटरहून अधिक मोठे आहे. एक किलोमीटर अंतरात पुढचे चाक सुमारे ४६८ फेरे मारते, तर मागचे सुमारे ४४४. हा फरक गाडीच्या रचनेत आधीच धरलेला असतो. तो पुढे पुन्हा लागेल.

मागे रुंद टायर कशासाठी

९११चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. त्यामुळे गाडीच्या वजनाचा सुमारे ६१ टक्के भार मागच्या दोन चाकांवर पडतो. गाडीचे वजन साधारण दीड टन. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर सुमारे ४६० किलो आणि पुढच्या प्रत्येकावर सुमारे २९५ किलो.

आता हा भार रुंदीवर वाटून पाहा. पुढे टायरच्या दर सेंटिमीटर रुंदीवर साधारण १२ किलो येतात, मागे साधारण १५. मागेही पुढच्यासारखेच २४५चे टायर लावले असते, तर हाच आकडा जवळपास १९ किलोंवर गेला असता. रबराचा एक गुणधर्म असा, की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. ज्या टायरवर भार जास्त, त्याची दर किलोमागची पकड कमी. म्हणून जड बाजूला रुंद टायर देऊन तो तोटा भरून काढावा लागतो.

त्यात २०१९च्या करेरा एसमध्ये ४५० अश्वशक्तीचे इंजिन फक्त मागची चाके फिरवते. टायरची एकूण पकड ठरावीक असते. गाडी पुढे ढकलण्यासाठी त्यातली जितकी खर्च होते, तितकी वळणावर गाडीला आडवे धरून ठेवण्यासाठी कमी उरते. पुढच्या टायरांना वळण आणि ब्रेक सांभाळायचे असतात. मागच्यांना वळण, ब्रेक आणि इंजिनाची सगळी ताकद, असे तिन्ही सांभाळावे लागते. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला, की मागच्या टायरांवर दोन्ही मागण्या एकदम येतात.

तिसरे कारण सुरक्षिततेचे आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. वळणावर पकड आधी पुढच्या चाकांची सुटली, तर गाडी वळायला हवी त्यापेक्षा कमी वळते आणि बाहेरच्या बाजूला सरकत जाते. याला अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी बहुतेक चालक आपसूक वेग कमी करतात आणि गाडी पुन्हा ताब्यात येते. पकड आधी मागच्या चाकांची सुटली, तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. हा ओव्हरस्टिअर. इथे घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर भार आणखी पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते. इंजिन मागे असलेल्या गाडीत तर शेपटीलाच वजन, त्यामुळे ती एकदा सुटली की सावरणे कठीण. जुन्या ९११ याच स्वभावासाठी ओळखल्या जात. मागे रुंद टायर देणे म्हणजे मागच्या बाजूला पकडीची शिल्लक ठेवणे, म्हणजे मर्यादा आलीच तर ती आधी पुढे येईल.

पोर्शेने हा मार्ग ९११मध्ये १९७३च्या मॉडेलच्या करेरा आरएस २.७ या गाडीपासून धरला. तिच्या पुढे १८५/७०चे टायर होते आणि मागे २१५/६०चे, सगळे १५ इंची रिमांवर. आज हा फरक किरकोळ वाटेल. पण पुढच्या पाच वर्षांत रुंद टायर बनवण्याचे तंत्र इतके पुढे गेले, की १९७८मध्ये लॅम्बोर्गिनीच्या काउंटाश एलपी ४०० एसला पुढे २०५ आणि मागे थेट ३४५ मिलिमीटर रुंदीचे पिरेली पी-७ टायर मिळाले.

भारतात वेगळ्या मापांची ही मांडणी खरे तर दुचाकीवर रोज दिसते. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचा पुढचा टायर ११०चा असतो आणि मागचा १५०चा. इंजिनाची ताकद मागच्या चाकावर जाते, हे कारण तिथेही आहे. दुचाकीचा पुढचा टायर मागे टाकून द्या, असे मात्र कोणी म्हणत नाही. चारचाकीच्या बाबतीत ते म्हटले जाते, कारण चार सारखी चाके आपल्या डोळ्यांना सवयीची झाली आहेत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकते, असे सरसकट मानले जाते. जमिनीला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ मुख्यतः त्या चाकावरचा भार आणि टायरमधली हवा यांवर ठरते. भार आणि हवा तीच ठेवून टायर रुंद केला, तर टेकलेला भाग आडवा रुंद होतो आणि लांबीला आखूड. वळताना टायर किंचित वाकडा पडून चालतो, म्हणजे त्याचे तोंड एकीकडे आणि प्रत्यक्ष जाण्याची दिशा थोडी वेगळी. आडव्या, आखूड टेकणीचा टायर तेवढीच आडवी पकड कमी वाकडेपणात देतो. म्हणून मागचा भाग घट्ट बसल्यासारखा वाटतो. ही आडवी रुंदीच पुढे झिजेच्या आणि पावसाच्या बाबतीत अडचणीची ठरते.

रोटेशनचे दोन रस्ते

रोटेशनचा हेतू सरळ आहे. पुढची चाके फिरवणाऱ्या साध्या गाडीत पुढचे टायर मागच्यांपेक्षा बरेच लवकर झिजतात. म्हणून साधारण दर ८ ते १० हजार किलोमीटरला जागा बदलल्या, तर चारही टायर जवळपास एकदमच संपतात आणि प्रत्येकाचा पुरेपूर वापर होतो.

स्टॅगर्ड गाडीत पुढे-मागे करण्याचा रस्ता चार ठिकाणी अडतो. पहिली अडचण रिमची. करेरा एसची पुढची रिम साडेआठ इंच रुंद, मागची साडेअकरा इंच. ३०५चा टायर साडेआठ इंची रिमवर बसवला तर त्याच्या भिंती आत ओढल्या जातात, टायर मध्येच फुगतो आणि वळणावर कडा रिमवरून सरकण्याचा धोका राहतो. कोणता टायर किती रुंदीच्या रिमवर चालतो याची मर्यादा टायर कंपनी देते आणि हे माप त्या मर्यादेच्या पार बाहेर आहे. शिवाय इथे रिमचा व्यासच वेगळा असल्याने २१ इंची टायर २० इंची रिमवर चढणारच नाही.

मग रिमसकट पूर्ण चाक बदलले तर? तिथे दुसरी अडचण, जागेची. मागचे चाक पुढे लावले, तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते आतल्या अस्तराला किंवा सस्पेन्शनच्या भागांना घासेल. चाकाचा बोल्ट बसणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे, हे अंतरही पुढे-मागे वेगळे ठेवलेले असते.

तिसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी. एबीएस आणि गाडी घसरू न देणारी स्थिरता यंत्रणा चारही चाकांचा वेग सतत मोजून त्यांची तुलना करतात. सरळ रस्त्यावर पुढचे चाक मागच्यापेक्षा सुमारे पाच टक्के जास्त फेरे मारणार, हे त्यांना आधीच सांगितलेले असते. मापे उलटी झाली, की संगणकाला काहीही बिघडलेले नसताना चाक घसरल्याचा भास होऊ शकतो. चौथी अडचण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांची. ९११ करेरा ४ एसमध्येही टायरांची हीच मापे असतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक तिथे गिअरच्या गुणोत्तरात आणि मधल्या क्लचच्या रचनेत सामावलेला असतो. ते प्रमाण बिघडले, तर क्लचला न थांबता घासत राहावे लागते आणि तो तापून झिजतो.

याच कारणाने अशा गाडीत स्टेपनीही बहुधा नसते. कोणत्या मापाची ठेवायची? त्याऐवजी पंक्चर बुजवणाऱ्या द्रावाची बाटली आणि हवेचा छोटा पंप मिळतो.

आता उरतो दुसरा रस्ता, डावे-उजवे करण्याचा. मागचा डावा टायर उजवीकडे, उजवा डावीकडे. माप एकच असल्याने हे जमायला हवे. पण इथे टायरची नक्षी आडवी येते.

काही टायरांच्या भिंतीवर बाण असतो आणि शेजारी ‘रोटेशन’ असे लिहिलेले असते. या टायरची नक्षी इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते आणि ती एकाच दिशेने फिरून पाणी बाहेर फेकते. असे चाक जसेच्या तसे दुसऱ्या बाजूला लावले, तर ते उलटे फिरेल आणि पाणी मध्यभागी ओढले जाईल. म्हणून टायर रिमवरून उतरवून दुसऱ्या बाजूच्या रिमवर चढवावा लागतो. याचा खर्च येतो, पण एक मोठा फायदाही होतो. टायरची आतली कड बाहेर जाते आणि बाहेरची आत येते.

दुसरा प्रकार असममित नक्षीचा. आजच्या बहुतेक स्पोर्ट्स टायरांची नक्षी अशीच असते. भिंतीवर ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ असे कोरलेले असते. बाहेरच्या बाजूला वळणावर टेकण्यासाठी मोठे, कडक ठोकळे आणि आतल्या बाजूला पाण्यासाठी जास्त खाचा. हा टायर डावीकडून उजवीकडे नेता येतो, रिमवरून उतरवावाही लागत नाही, कारण चाक बदलले तरी बाहेरची बाजू बाहेरच राहते. पण त्याचाच अर्थ असा, की आतली कड आतच राहते. ती कितीही झिजलेली असली तरी बाहेर येत नाही.

काही गाड्यांनी दोन्ही बंधने एकत्र आणली. १९९०मध्ये आलेल्या होंडा एनएसएक्सला पुढे १५ इंची आणि मागे १६ इंची चाके होती. तिच्यासाठी बनवलेल्या योकोहामा ए-०२२ टायरांत डावे आणि उजवेही वेगळे होते. म्हणजे एका गाडीला चार वेगळे टायर, आणि प्रत्येकाची जागा एकच. तिथे रोटेशनचा प्रश्नच मिटला.

झीज कुठे होते, हे पाहायचे कसे

बहुतेक स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकांची वरची बाजू किंचित आत झुकवलेली असते. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. वळणावर गाडी बाहेर कलली, की बाहेरचे चाक सरळ होऊन रस्त्यावर पूर्ण टेकावे, हा त्यामागचा हेतू. पण सरळ रस्त्यावर याच झुकावामुळे भार आतल्या कडेवर येतो. दीड अंशाचा झुकाव डोळ्यांना जेमतेम कळतो. मात्र नक्षीचा पट्टा २८ सेंटिमीटर रुंद असेल, तर तेवढ्या झुकावाने आतल्या आणि बाहेरच्या कडेत सुमारे सात मिलिमीटरचा फरक पडतो. १५ सेंटिमीटरच्या अरुंद टायरला हाच फरक चार मिलिमीटरही नसतो. रबर दबून हा फरक सामावून घेते, पण आतल्या कडेवरचा दाब वाढलेलाच राहतो. म्हणून कोन तोच असला तरी रुंद टायरची आतली कड जास्त सोसते.

कॅम्बरपेक्षा जास्त नुकसान करतो तो टो. वरून पाहिल्यावर चाके किंचित आत किंवा बाहेर तोंड करून असतात, तो कोन. एक चाक गाडीच्या दिशेपासून फक्त ०.२ अंश वाकडे असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेतीन मीटर आडवे फरपटत जाते. कॅम्बरने कडेवर भार आणायचा आणि चुकलेल्या टोने ती कड रस्त्यावर घासायची, असे दोन्ही जुळून आले की मागचा टायर आतून खलास होतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो ठणठणीत दिसतो, कारण मडगार्डखालून फक्त बाहेरची कड दिसते.

तपासायला नक्षीची खोली मोजणारे लहानसे गेज पुरते. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजायचे. बाहेरच्या कडेजवळच्या खाचेत, मधल्या खाचेत आणि आतल्या कडेजवळच्या खाचेत. आतल्या खाचेपर्यंत हात जात नसेल तर गाडी लिफ्टवर घ्यावी. त्याच वेळी तळहात नक्षीवरून एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत लागले आणि उलट दिशेने ठोकळ्यांच्या कडा करवतीसारख्या बोचल्या, तर टो चुकला आहे हे नक्की समजावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका करेरा एसचे असममित नक्षीचे टायर १५ हजार किलोमीटर चालले आहेत. नवे होते तेव्हा नक्षी साडेसात मिलिमीटर होती. आता पुढच्या दोन्हींवर सगळीकडे ५.६च्या आसपास आहे. मागच्या डाव्यावर बाहेर ४.६, मध्ये ४.२ आणि आत २.४. मागच्या उजव्यावर बाहेर ४.७, मध्ये ४.३ आणि आत २.७.

या आकड्यांतून तीन गोष्टी कळतात. मागचे टायर पुढच्यांपेक्षा लवकर झिजत आहेत, हे ताकद मागे असल्यामुळे अपेक्षितच आहे. मध्य आणि बाहेरची कड जवळपास सारखी आहे, म्हणजे हवेचा दाब ठीक असावा. हवा जास्त असती तर मध्य लवकर झिजला असता, कमी असती तर दोन्ही कडा. मात्र आतली कड एकटीच खाली गेली आहे. म्हणजे अलाइनमेंट तपासायला हवे.

आता मागच्या डाव्या टायरचे आयुष्य काढू. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. बाहेरची कड १५ हजार किलोमीटरमध्ये २.९ मिलिमीटर झिजली. त्या वेगाने ती आणखी सुमारे १५ हजार किलोमीटर चालेल. आतली कड ५.१ मिलिमीटर झिजली, आणि मर्यादेपर्यंत तिथे ०.८ मिलिमीटरच उरले आहेत. म्हणजे जेमतेम २३०० किलोमीटर. एकाच टायरच्या दोन कडांच्या आयुष्यात इतके अंतर. टायर बदलायचा तो सर्वांत झिजलेल्या जागेवरून, सरासरीवरून नाही.

अशा वेळी डावे-उजवे करून काय मिळेल? २.४ची कड उजवीकडे जाईल आणि २.७ची डावीकडे. दोन्ही आतच राहतील आणि पूर्वीसारख्याच घासत राहतील. हेच टायर बाणाच्या नक्षीचे असते, तर रिम बदलून झिजलेली कड बाहेर नेता आली असती. पण टो न सुधारता तसे केले असते, तर आतापर्यंत शाबूत राहिलेली दुसरी कडही तशीच खाल्ली गेली असती. म्हणून या गाडीचा उपाय अलाइनमेंटमध्ये आहे. आधी चारही चाकांचे कोन मोजून मागचा टो कंपनीच्या मापात आणायचा. मागचे दोन्ही टायर नवे घालायचे. पुढचे ५.६चे तसेच ठेवायचे. स्टॅगर्ड गाडीत टायर जोडीने विचारात घ्यायचे असतात, चौघांचा एकत्र हिशोब तिथे बसतच नाही.

शिल्लक उलटी होते तेव्हा

मागे रुंद टायर देऊन पकडीची शिल्लक मागे ठेवली, असे वर म्हटले. ती नव्या टायरांवर खरी असते. मागचे टायर आधी झिजतात आणि रोटेशन करून ती झीज पुढच्यांत वाटून देता येत नाही. म्हणजे गाडी जसजशी चालते, तसतशी ओल्या रस्त्यावरची शिल्लक मागून पुढे सरकत जाते. उदाहरणातल्या गाडीच्या पुढे ५.६ मिलिमीटर खोल नक्षी आहे आणि मागे आतल्या कडेला २.४. कोरड्या रस्त्यावर हे फारसे जाणवत नाही. रबर झिजले तरी कोरड्यात पकड बरीच टिकते. पावसात चित्र बदलते.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना, रस्त्यावर दोन मिलिमीटर पाणी साचले असेल, तर ३०५ मिलिमीटर रुंद टायरसमोर दर सेकंदाला साडेतेरा लिटरच्या आसपास पाणी येते. २४५च्या टायरसमोर सुमारे ११ लिटर. पुढच्या टायरने मागच्याच्या वाटेतले काही पाणी आधी बाजूला केलेले असते, पण मागचा त्याच्यापेक्षा सहा सेंटिमीटर रुंद आहे. हे पाणी खाचांतून बाहेर गेले नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो. पाणी जास्त येणार रुंद टायरसमोर, आणि त्याच्याच खाचा उथळ झालेल्या. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलैच्या सरीत अशी गाडी चालवताना, पाण्यावर आधी तरंगण्याची शक्यता तिच्या मागच्या चाकांची असते. ज्या ओव्हरस्टिअरपासून वाचण्यासाठी स्टॅगर्ड मांडणी केली, तोच मागच्या दाराने परत येतो.

म्हणून मागच्या टायरांसाठी १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची रेषा समजावी, वापराची नव्हे. पावसाळ्याआधी मागच्या कोणत्याही खाचेत खोली तीन मिलिमीटरपर्यंत आली असेल, तर जोडी बदलणे शहाणपणाचे. हवा भरताना पुढच्या आणि मागच्या चाकांचे दाब वेगळे असतात, ते गाडीच्या मालकपुस्तिकेत आणि गाडीवरच्या पट्टीवर पाहूनच भरावेत. चारही चाकांत एकच आकडा भरून देण्याची सवय या गाड्यांना मारक आहे.

नवे टायर घेतानाही मापाखेरीज खुणा पाहाव्यात. पोर्शेने तपासून मान्य केलेल्या टायरवर एन अक्षर आणि त्यापुढे एक आकडा असतो. बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा, मर्सिडीजच्या टायरवर एमओ. पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे टायर लावले, तर दोन्ही चांगले असूनही त्यांच्या पकडीचा मेळ बसेलच असे नाही. स्टॅगर्ड गाडीचा तोल तर त्या मेळावरच उभा आहे. पंक्चरमुळे एकच टायर बदलावा लागला, तर त्याच्या जोडीदाराची नक्षी किती उरली आहे ते आधी मोजावे. फरक मोठा असेल तर दोन्ही बदलणेच योग्य.

या सगळ्या कटकटीतून सुटण्यासाठी काही जण गाडीच स्क्वेअर करून घेतात. ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांत हे बरेच दिसते, कारण तिथे टायर भराभर संपतात. मूळ मापांत फरक कमी असेल तिथे ते जमते. बीएमडब्ल्यूच्या सध्याच्या एम-३मध्ये पुढे २७५ आणि मागे २८५चे टायर आहेत. रुंदीचा फरक एका सेंटिमीटरचाच, त्यामुळे योग्य रिम निवडून चारही सारखे करता येतात. मग रोटेशनचा रस्ता खुला होतो आणि पुढच्या बाजूची पकड वाढल्याने गाडी वळणात जास्त तत्परतेने शिरते. पण जी शेपूट कंपनीने मुद्दाम शांत ठेवली होती, ती त्याच प्रमाणात चंचल होते. टोयोटा जीआर ८६ सारख्या हलक्या, कमी ताकदीच्या गाड्या कारखान्यातूनच स्क्वेअर येतात आणि वजन दोन्हीकडे जवळपास सारखे असल्याने त्यांचे छान जमते. ९११सारख्या गाडीत मात्र मागच्या भाराला मागचीच रुंदी लागते.

त्यामुळे अशी गाडी बाळगणाऱ्याने रोटेशनचा पैसा आणि वेळ अलाइनमेंटकडे वळवावा. दर पाच हजार किलोमीटरला तीन-तीन ठिकाणी खोली मोजून आकडे वहीत टिपावेत. आतल्या आणि बाहेरच्या कडेतला फरक एक मिलिमीटरच्या पुढे गेला, की अलाइनमेंट करून घ्यावे. तेव्हा टो सुधारला, तर उदाहरणातल्या गाडीसारखी वेळ येत नाही आणि मागची जोडी तिच्या पूर्ण रुंदीने झिजून संपते. पुढची जोडी तिच्या गतीने नंतर संपेल. दोन्ही जोड्या एकत्र संपाव्यात हा हट्ट सोडला, आणि मागची जोडी नेहमी पुढच्यापेक्षा चांगल्या अवस्थेत राहील एवढे पाहिले, तर ही मांडणी ज्या कामासाठी केली ते काम ती शेवटपर्यंत करते.